न घातलेली चप्पल नवी की जुनी

विम्याच्या कामासाठी मी मंचरहून जुन्नरला जाते, तेव्हा बाजारपेठेतल्या एका चपलांच्या दुकानात माझा चहा ठरलेला असतो. दुकानदार साठीच्या पुढचे. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणते. मी कामाचं बोलायला लागले की ते म्हणतात, आधी चहा घ्या, मग भीती घाला.

दुकानाचा विमा काढायला ते तयार झाले, त्या दिवशी मालाची किंमत सांगताना त्यांनी खोक्यांवर छापलेले भाव धरले. मी म्हटलं, असं चालत नाही. आग लागली तर कंपनी तुमचा नफा देत नाही. आगीच्या आधी तो माल ठोक व्यापाऱ्याकडून, भाड्यासकट, तुम्हाला केवढ्याला पडला असता तेवढंच देते. त्याहून जास्त रक्कम लिहिली तर हप्ता वाढेल, भरपाई नाही. आणि कमी लिहिली तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाईल.

चाचांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. त्यांच्या भाच्याने कुठून तरी ऐकून त्यांना सांगितलं होतं की 'जुन्याच्या जागी नवं' असाही विमा असतो. त्यांना तोच हवा होता.

मी सांगितलं की तसा विमा असतो, पण तो इमारतीला, यंत्राला, फर्निचरला. तुमची लाकडी मांडणी दहा वर्षांची असली तरी ती जळाली तर तशीच नवी करायला जे लागेल ते मिळू शकतं, अट एवढीच की ती खरोखर नवी करून घ्यायची. विकायच्या मालाला मात्र ते लागू नाही. मालाचं जेवढं खरं नुकसान, तेवढीच भरपाई.

"म्हंजे मांडणी जुनी, तिला नवीचे पैसे," चाचा म्हणाले, "आन् तिच्यावरची चप्पल कोरी, कुणी पायात घातली न्हाई, तिला जुनीचे?"

 माझी नजर मागच्या मांडणीच्या सगळ्यात वरच्या खणाकडे गेली. तिथे जाड टाचेच्या, सोनेरी पट्ट्यांच्या लेडीज सँडल होत्या. कुठल्याशा लग्नसराईला त्यांनी हौसेने भरलेल्या, आणि त्या घालून जुन्नरच्या रस्त्यावर चालण्याची हिंमत एकीनेही केली नव्हती. मी एक जोड खाली काढायला लावला, पायात घातला, दोन पावलं चालले आणि काउंटर धरला.

"चाचा, मला केवढ्याला द्याल?"

"तुमाला?" त्यांचा चेहरा उजळला. "खोक्याचे पैसे द्या, राव. खोकं चांगलं हाय."

मी म्हटलं, ही झाली हिची भरपाईची किंमत. तुम्हीच सांगितली. पावसाळी चपला रोज खपतात, त्यांना खरेदीचा आजचा भाव मिळेल. हिला कुणी विचारत नाही, म्हणून हिला खोक्याचा.

चाचा बराच वेळ हसत होते. मग त्यांनी माल खरेदीच्या भावाने लिहिला आणि मांडणी वेगळी, नव्याने करायच्या भावाने. सँडलचा जोड त्यांनी मला आग्रहाने बांधून दिला. तो आजही माझ्याकडे आहे, आणि माझ्या मुली तो बघून मला काय काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या शिंप्याच्या दुकानात आग लागली. ती पत्र्यापलीकडून चाचांच्या मागच्या भिंतीला आली. लोकांनी पाणी मारून विझवली, पण मागची मांडणी आणि तिच्यावरचा माल गेला. मी पोचले तेव्हा चाचा बाहेर स्टुलावर बसले होते, हात काळे झालेले. त्या दिवशी चहा मी मागवला.

दोन दिवसांनी नुकसान मोजायला कंपनीचे सर्व्हेअर आले. खरेदीची बिलं बघत त्यांनी एकेक खण तपासला. वरच्या खणाशी ते थांबले, तर चाचाच आपणहून म्हणाले, "साहेब, तिथं आगच गिऱ्हाईक झाली म्हणायचं."  असल्या विनोदावर विम्याची माणसं हसत नाहीत. सर्व्हेअर मात्र हसले आणि त्या सँडलची किंमत अगदी नाममात्र धरली. चाचांनी हरकत घेतली नाही.

बाकीच्या मालाची भरपाई खरेदीच्या भावाने मिळाली. मांडणीचे पैसे सुताराने नवी मांडणी उभी करून बिल दिल्यावर आले. मधल्या काळात चपला खोक्यांतच जमिनीवर होत्या आणि चाचा वाकून वाकून वैतागले होते.

आता ते पेठेतल्या इतर दुकानदारांना हे सगळं समजावून सांगतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. परवा भांड्यांच्या दुकानात बसून सांगत होते. मला बघून म्हणाले, "या ताई. ह्यांचाबी एक वरचा खण हाय, जरा बघा."