दोनशे चाळीस पडद्यांचा सौदा

गळ्यात मोजायची टेप घालून जेवायला बसणारी बाई कुणी पाहिली आहे का? आमच्या टेपमावशी बसतात. झोपताना तेवढी काढतात, तीसुद्धा उशाशी ठेवतात. तीस वर्षं पडद्यांचं दुकान चालवलं, मुलीला एकटीने वाढवलं, तिचं लग्न थाटात लावून दिलं, आणि या सगळ्यात कुणाचं एक वीत कापड जास्त घेतलं नाही की कुणाला कमी दिलं नाही. हे त्या स्वतःच सांगतात, दिवसातून दोनदा तरी. पण खोटं सांगतात असं कुणी म्हणणार नाही.

तर या टेपमावशींनी विहिणीबरोबर भागीत सौदा केला. विहीण म्हणजे मुलीची सासू, गाद्या-उशांची घाऊक व्यापारी. मोठं गोदाम, स्वतःचा टेम्पो, आवाज असा की हमाल दोन गल्ल्या पलीकडून ऐकतात. एक कारखाना बंद होत होता आणि तयार पडदे एकगठ्ठा विकत होता. विहीणबाईंकडे रोकड होती, पण किरकोळ विकायचं दुकान नव्हतं. मावशींकडे गिऱ्हाईक होतं, पण रोकड नव्हती. दोघींनी चहा घेता घेता ठरवून टाकलं.

"दुकान तुमचं तुम्हाला, गोदाम माझं मला," विहीणबाई म्हणाल्या. "एकत्र फक्त हा माल. माल संपला की भागीदारी संपली."

"आणि नफा निम्मा-निम्मा," मावशी म्हणाल्या. "तोटा आला तर तोही. विकणार मी, म्हणून विक्रीवर शेकडा पाच आधी माझे. लिहून ठेवू या."

"अहो, घरातल्या घरात लिहायचं काय?"

"घरातलं आहे म्हणूनच लिहायचं," असं म्हणून मावशींनी दोन वह्या काढल्या, एक हिला, एक तिला.

दोनशे चाळीस पडदे, तीनशेला एक, म्हणजे बहात्तर हजार. टेम्पो आणि हमाली चोवीसशे. हे सगळं विहीणबाईंनी घातलं. इस्त्री, पिशव्या आणि प्रदर्शनातल्या गाळ्याचं भाडं मिळून छप्पन्नशे मावशींनी. माल गोदामात राहिला, लागेल तसा चलनावर, म्हणजे माल मिळाल्याची सही घेणाऱ्या चिठ्ठीवर, दुकानात येऊ लागला. पानांची नक्षी, जाड वीण, आणि भाव साडेचारशे! बायकांनी दुकान डोक्यावर घेतलं. तीन महिन्यांत दोनशे वीस पडदे गेले. मावशी इतक्या खुशीत की उधारीवाल्यांशीसुद्धा गोड बोलत होत्या.

आणि मग त्या लेकीच्या नव्या घरी गेल्या.

दार उघडलं तर समोर पानांची नक्षी. स्वयंपाकघरात पानं, झोपायच्या खोलीत पानं. मावशींनी चपला काढता काढता मोजले. चौदा!

"आईंनी दिले," लेक हरखून म्हणाली. 'आई' म्हणजे सासू. "मी मागितलेसुद्धा नव्हते. किती हौस गं त्यांना! छान दिसतात ना?"

"छान आहेत," मावशी म्हणाल्या, आणि चहा कडू लागला.

म्हणजे बघा, माल दोघींचा, त्यातल्या प्रत्येक पडद्यात अर्धा मावशींचा. विहिणीने तो उचलून भेट दिला, कौतुक करवून घेतलं, आणि आजवर एका शब्दाने सांगितलं नाही. भागीतला माल घरात नेला तर तो नेणाराच्या नावे पडतो, हे गाद्यावालीला कळत नाही होय? बरं, मागायचे तरी कसे? "माझ्या लेकीला दिलेल्या पडद्यांचे पैसे टाका" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? लेकीच्या कानावर गेलं तर ती जन्मभर त्या पडद्यांकडे बघून खजील होणार. आणि न मागावं तर खातं खोटं. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

मावशींची घालमेल बघून शेजारचा आरसेवाला म्हणाला, "मावशी, सोपं आहे. भेट दोघींची म्हणा, सात-सात नावे टाका."

"वा रे वा! मिरवली ती, आणि सात माझ्या नावे?" मावशी अशा कडाडल्या की तो आपल्या आरशांत निघून गेला.

दहा दिवस अंगाचा नुसता तिळपापड. विहीणबाईंचा फोन आला की "हो", "बरं", "बघू". शेवटी हिशेब मिटवायचा दिवस आला. मावशी गोदामात गेल्या. गाद्यांच्या थप्पीवर दोघी समोरासमोर बसल्या, मध्ये उशी, उशीवर वह्या. रात्रभर घोकलेलं वाक्य त्यांनी तोंडात आणलं, तेवढ्यात विहीणबाईंनी आपली वही पुढे सरकवली.

"आधी हे बघा. चौदा पडदे मी नेले, पोरांच्या घरी लावले. माझ्या नावे टाकलेत. खरेदीच्या भावाने, बेचाळीसशे. विकलेले नाहीत, तेव्हा त्यावर तुमचे शेकडा पाच नाहीत. चालेल?"

मावशींनी तारीख पाहिली. पडदे नेले त्याच दिवशीची. घोकलेलं वाक्य त्यांनी मुकाट्याने गिळलं.

"चालेल," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या जिवात जीव आला. "आता लावू बेरीज."

"थांबा. चलनं मोजा. तुमच्याकडे आले दोनशे सव्वीस. विकले दोनशे वीस. सहा कुठे आहेत?"

"सहा?" मावशी हसल्या. "छे! चूक तुमच्या चलनात असेल."

सही त्यांचीच होती. पाचही चलनांवर. मावशींनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पहिल्याच आठवड्यात चार पडदे दुकानाच्या दर्शनी खिडकीत टांगले होते, गिऱ्हाइकाला दिसावेत म्हणून. आणि दोन मागच्या खोलीत, जिथे त्या दुपारी जेवून आडव्या होतात तिथे. ते कुणासाठी? ऊन लागतं म्हणून! रोज त्यांच्या सावलीत झोपायच्या आणि उठून विहिणीला शिव्या घालायच्या.

"अगं बाई," त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

"खिडकीतले चार नमुन्याचे," विहीणबाई म्हणाल्या. "उन्हाने विटले असतील. ते सौद्याच्या खर्चात धरू, निम्मं नुकसान माझं."

"मुळीच नाही! सहाच्या सहा माझ्या नावे. अठराशे." मावशींनी पेन असं दाबलं की कागद फाटायचा राहिला.

विक्री नव्व्याण्णव हजार, दोघींनी ठेवून घेतलेला माल सहा हजार. त्यातून खरेदी, खर्च आणि मावशींचे शेकडा पाच वजा जाता नफा वीस हजार पन्नास. प्रत्येकीला दहा हजार पंचवीस. मावशींनी विहीणबाईंना द्यायचे निघाले ऐंशी हजार दोनशे पंचवीस, आणि दोन्ही वह्यांत तोच आकडा आला. मावशींनी धनादेश लिहिला. पण फाडून देण्याआधी त्यांना राहवेना.

"एक सांगते. दहा दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात चोर म्हणत होते. त्या चौदांपायी."

विहीणबाई इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरचे हमाल आत डोकावले.

"आणि मी तुमच्या दुकानात आले होते ना, अडीच महिन्यांपूर्वी? तेव्हाच मागच्या खोलीतले दोन पाहिले होते."

"तेव्हाच? मग बोलायचं नाही का?"

"कशाला? टेपमावशी आज लिहील, उद्या लिहील, लिहिल्याशिवाय राहणार नाही, असं धरून चालले. मला एकदाही वाटलं नाही की तुम्ही चोरलेत."

मावशींनी तीस वर्षं दुसऱ्यांची मापं काढली, आणि आज ही गाद्यावाली, मोठ्या आवाजाची बाई, सहज गप्प राहून त्यांच्याहून मोठी निघाली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आवरेना.

"अगं, मग मला एकदा हटकायचंस तरी!" त्या म्हणाल्या. 'अहो विहीणबाई' कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही.

"हटकलं असतं तर रडली असतीस," विहीणबाई म्हणाल्या, आणि धनादेश वहीत ठेवून त्यांनी चहा मागवला.