लंबगोल चेहऱ्याचा चष्मा

माझ्या थोरल्या बहिणीचा चेहरा लंबगोल होता आणि माझा पाटासारखा चौकोनी. हे मी म्हणत नाही, आमची आत्या म्हणायची, तेही चर्चमधून बाहेर पडताना, चारचौघांत. बहीण शिरूरला मिशनच्या शाळेत शिकवायची आणि शनिवारी एसटीने दौंडला रेल्वे कॉलनीत घरी यायची. तिला मनमाडच्या रेल्वे गार्डाचं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने निरोप पाठवला होता की चष्मा असू दे, पण तोंडाला शोभला पाहिजे. तिचा जुना चष्मा पार गेला होता, एका काचेला तडा आणि काडीला दोरा. नवीन करायचा तर बघण्याच्या कार्यक्रमाच्या आधीच करू, असं घरात ठरलं.

स्टेशनजवळच्या चष्मेवाल्याकडे मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी औषध घातलेलं असल्यामुळे ती दुकानाबाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. दुकानात फ्रेमा थोड्याच होत्या, बाकीच्या पुण्याहून मागवाव्या लागत. त्यांचे फोटो त्याने काढून घेतले होते, त्यातले पाच माझ्या हातात दिले. तो म्हणाला, लंबगोल चेहऱ्याला आकार कुठलाही चालतो, पण रुंदी चेहऱ्याएवढीच हवी आणि वरची कड भुवईच्या रेषेने जायला हवी. शिवाय हिचा नंबर मोठा, म्हणून काच जितकी लहान तितकी कड पातळ. मग त्याने बजावलं, "फोटो सगळे एकाच आकाराचे छापलेत, त्यावर जाऊ नका. काचेच्या रुंदीचं खरं माप मागं पेन्सिलीनं लिवलंय. हिला सेहेचाळीसच्या वर नको." मी मान हलवली. बहिणीला यातलं काही ऐकू गेलं नाही, कारण तेवढ्यात मालगाडी धडधडत चालली होती.

रविवारी जेवणानंतर आत्याने सगळे फोटो टेबलावर मांडले. आत्या शिवणकाम करायची, त्यामुळे बेतल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. तिने बटरपेपरवर एकेक फ्रेम गिरवली आणि बहिणीच्या स्टुडिओतल्या फोटोवर ठेवून पाहिली. फोटोतला चेहरा नेमका त्याच मापाचा निघाला आणि पाचही चष्मे त्यावर छान बसले. बहिणीला पातळ तपकिरी फ्रेम आवडली होती. आत्याला काळी, जाड, कोपऱ्यात पंखासारखी वर गेलेली आवडली. पण शेवटी शिंपीणच ती, तिने मला विचारलंच, "मापाचं काय बोलला गं त्यो?"

तपकिरीच्या मागे पंचेचाळीस होतं आणि काळीच्या मागे चोपन्न.

"काही न्हाई," मी म्हणाले.

मी हे विसरले होते असं आजवर सगळ्यांना सांगत आले. विसरले नव्हते. तिला एकदा तरी वाईट दिसताना पाहावं एवढंच मला हवं होतं, आणि हवं होतं म्हणजे जीव तुटेपर्यंत हवं होतं.

आत्याच्या पसंतीचा चष्मा आला तो कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी. फ्रेम दोन्ही कानशिलांच्या बाहेर आली होती, नाकावरून घसरत होती, भुवया काळ्या कडेखाली गडप झाल्या होत्या. बाहेरच्या बाजूला काचा बोटभर जाड आणि त्यांच्यामागे तिचे मोठे डोळे पावट्याएवढे. तिने आरशात पाहिलं आणि आत्याकडे बघून म्हणाली, चांगला आहे. बदलायला वेळच नव्हता, आणि चष्म्याशिवाय तिला चहाचा ट्रे नेता आला नसता.

मुलाची आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग आमच्या वडिलांना म्हणाली, "डोळे लैच बारीक हायेत. धाकटीचं काय ठरलंय का?" बहीण ट्रे धरून तिथेच उभी होती. मी खाली मान घातली, लाजल्यासारखी, आणि मला हसू आवरेना.

त्या गार्डाशी माझंच लग्न झालं. चर्चच्या पायऱ्यांवर फोटो काढताना माझी सासू मोठ्याने म्हणाली, त्या मास्तरणीला चष्मा काढायला सांगा, फोटो बिघडंल. बहिणीने तो काढून मुठीत धरला. तिला कॅमेरा कुठे आहे ते दिसत नव्हतं, म्हणून ती भलतीकडेच बघून हसली. त्या फोटोत माझ्यापेक्षा तीच सुंदर दिसते, आणि मला अजून तिचा राग येतो.