टबमावशीचा पहारेकरी

बाळंतिणींच्या दवाखान्यात मी मुख्य परिचारिका होते, तेव्हाची ही गोष्ट. तान्ह्यांना अंघोळ घालायचं काम एकाच बाईकडे, म्हणून सगळे तिला टबमावशी म्हणत. कोपरानं पाणी पाहायची, डाव्या तळव्यात मान, उजव्या हातात साबण. रडकं पोरसुद्धा तिच्या हाताखाली जांभई द्यायचं. सकाळचं ऊन आणि ओल्या दुपट्यांचा वास. तो वास अजून कुठे आला की माझे पाय थबकतात.

एके दिवशी ती रिकाम्या टबापाशी नुसतीच उभी होती. "बाई, मला कपडे धुवायच्या खोलीत पाठवा."

"का? बाळांनी तक्रार केली?"

ती हसली नाही. "मनात येतं, हात सोडला तर? बाळाचं डोकं पाण्याखाली जाईल. मी राक्षसीण झालेय का?"

मी पडले पदवीधर, म्हणजे अतिशहाणी. म्हटलं, "तुमच्या हातून मुंगी मरायची नाही." वर तिच्यावर नजर ठेवायला दुसरी आयाही उभी केली. झालं, आगीत तेल. माझा धीर तिला पाच मिनिटं पुरायचा, मग पुन्हा तोच प्रश्न. विचार ढकलायला ती पुटपुटायची, हात घट्ट धरायची. पंधरा दिवसांत टब नुसता दिसला तरी ती दारातूनच मागे फिरायला लागली.

शेवटी मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं शांतपणे विचारून घेतलं. तसं करावंसं वाटतं का, म्हटल्यावर मावशीला रडूच फुटलं.

"असले विचार बहुतेकांना येऊन जातात," त्या म्हणाल्या. "बाळांवर जीव असतो, म्हणून तुम्ही दचकता. मग विचाराला घालवायला पहारेकरी बसवता. पहारा दिसला की मनाला वाटतं, आत खरंच चोर आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि पहारेकऱ्याला चहा कोण पाजतं? तुम्ही. रोज दहा वेळा धीर देऊन."



उपाय साधा होता आणि अवघड होता. अंघोळ घालायची. विचार आला तर येऊ द्यायचा, ढकलायचा नाही, पुटपुटायचं नाही. दुसरी आया आधी दारात, मग दाराबाहेर, मग नाहीच. आणि मी उत्तर द्यायचं नाही. माझ्यासारख्या बोलभांड बाईला ही खरी शिक्षा.

आया नसलेल्या पहिल्या सकाळी मावशीनं बाळ टबात धरलं. चेहरा पांढराफटक. "बाई, मी तसं काही करणार नाही ना?"

जिभेच्या टोकावर आलेलं उत्तर मी गिळलं.

"आला का विचार?"

"आलाय."

"बसू द्या त्याला. मला दुपटं पाहिजे आणि ते तुमच्या खांद्यावर आहे."

तिनं खांदा माझ्याकडे केला आणि बाळाच्या कानामागचा साबण धुवायला लागली. बाळानं जांभई दिली.

विचार पुढेही अधूनमधून यायचा. तिच्या निवृत्तीच्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाली, "येतो कधीमधी. मी कामात असते, चहा विचारत नाही."