नथीआडचं हसू

नव्वदच्या दशकाच्या शेवटी चौकाजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर काम करायचे. जुने फोटो स्कॅन करायचे, डाग काढायचे. एका सकाळी रामघाटावरच्या आमच्या शेजारीण काकू लेकीच्या परवाच झालेल्या लग्नातला फोटो घेऊन धापा टाकत आल्या. नवरानवरी मध्ये, दोन्ही बाजूंना सासरची माणसं. सगळे हसत होते, नवरीचं तोंड तेवढं मिटलेलं.

"तिच्या सासूबाईंनी मांडवातच विचारलं होतं, मुलीला स्थळ पसंत आहे ना? आज संध्याकाळी ते सगळे नागपूरला निघतायत. हा फोटो मोठा करून हवाय त्यांना. थोडं हसू बसव गं."

त्यांनी सोबत सारनाथच्या सहलीतला फोटो आणला होता. त्यात ती दात दाखवून खळखळून हसत होती. मी ते ओठ कापून नवरीच्या चेहऱ्यावर बसवले. रडून सुजलेले डोळे तसेच, गाल खाली ओढलेले आणि खाली एवढं मोठं हसू! आणि फोटोत अगदी शेजारीच सासूबाई उभ्या.

स्टुडिओचे मालक मागून म्हणाले, "दुल्हन तो सास की खिल्ली उड़ा रही है!"

काकूंचा चेहरा उतरला. मी दात झाकून पाहिले, ओठ लहान केले. कशानंच जमेना. हसू वेगळ्या दिवसाचं होतं, डोळे वेगळ्या दिवसाचे.

"काकू, हळदीचे फोटो आहेत का?"

त्या घरी धावल्या. मध्येच लाइट गेली, यूपीएस पीं पीं करू लागला. मी घाईघाईनं काम सेव्ह केलं. लाइट यायला तासभर लागला. तोवर काकू हळदीचे फोटो घेऊन परत आल्या होत्या.

हळदीच्या एका फोटोत आत्या नवरीच्या गालाला हळद लावत होती आणि ती ओठ मिटूनच किंचित हसली होती. मानही तशीच कललेली. मी ते ओठ घेतले, त्यावरचा पिवळेपणा उतरवला, कडा पुसट केल्या. नथ ओठांवर येत होती, म्हणून मूळ फोटोतली नथ वेगळी काढून सगळ्यात वर ठेवली. तरी हसू जास्तच वाटत होतं. ओठांचे कोपरे दोन-तीन ठिपके खाली आणले. गाल थोडेसेच उचलले. डोळ्यांना हात लावला नाही.

मोठा करून छापलेला फोटो द्यायला मीच काकूंबरोबर सासरची मंडळी उतरली होती तिथे गेले. सासूबाईंनी तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला.

"डोळे बघा पोरीचे, किती रडलीय," त्या म्हणाल्या. "तरी आमच्यासाठी हसायचा प्रयत्न केलाय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. नवरीनं फोटो हातात घेतला, पाहिला आणि मला बाजूला नेऊन हळूच विचारलं, "ताई, मी हसले होते का गं तेव्हा?"

मला खोटं बोलता येईना. "नाही," म्हटलं.

फोटो साडीत गुंडाळून तिनं आपल्या बॅगेत ठेवला.