साइनवरची काट

कॉलेजात त्यांना सगळे ‘खाली-काय बाई’ म्हणत. फळ्याशी उभ्या राहिलेल्या पोराने साइन पाच एक्स असं लिहिलं रे लिहिलं, की मागून आवाज यायचा, “आणि खाली काय?” वर कोन पाच एक्स असेल तर खालीही पाच एक्सच पाहिजे. तरच, कोन शून्याकडे जाताना, त्या भागाकाराची लिमिट एक येते. एकतीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं. मी त्यांची धाकटी सहकारी. पेपर तपासायला त्या वर्षी आम्ही एकाच टेबलावर होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

प्रश्न दोन मार्कांचा होता. एक्स शून्याकडे जाताना साइन पाच एक्स भागिले साइन तीन एक्स किती? बाईंच्या गठ्ठ्यात पंचवीस पेपर. त्यांतल्या एकोणीस जणांनी वरच्या साइनवर एक काट मारली होती, खालच्या साइनवर एक, मग एक्सवर, आणि लिहिलं होतं पाच छेद तीन. साइन म्हणजे जणू वर-खाली असलेला कुठलातरी आकडा! बाईंनी एकोणीस शून्यं दिली. पाच जणांनी प्रश्नच सोडला होता.

विसावा पेपर एका मुलीचा. तिने वरच्या साइनला पाच एक्सने भागून पाच एक्सनेच गुणलं होतं, खालच्याला तसंच तीन एक्सने. दोन्हीकडे एक-एक घेतला, उरलं पाच एक्स छेद तीन एक्स. आणि शेवटच्या ओळीत घाईने लिहिलं तीन छेद पाच. बाईंनी तिला एक मार्क दिला. मी बेरीज तपासली. त्या एका मार्कामुळे ती पस्तीसवर गेली, म्हणजे पास. तो मार्क नसता तर नापास.

दुपारी मुख्य परीक्षक आला. बाईंचाच जुना विद्यार्थी, आता केस पांढरे झालेला.

“बाई, हे उलटं झालंय. नमुना उत्तरात पाच छेद तीन आहे. ज्यांचं आलं त्यांना दोन, हिचं आलं नाही, हिला शून्य.”

“साइनवर काट मारलीये त्यांनी.”

“उत्तर बरोबर आहे ना? मग झालं. पद्धतीचे मार्क नमुना उत्तरात दिलेले नाहीत.”

बाईंनी माझा कॅल्क्युलेटर ओढला, रेडियनवर लावला. “साइन चार एक्स भागिले साइन तीन एक्स. एक्स शून्याकडे नाही, पाय या आकड्याकडे चाललाय. काट मारून सांग.”

“चार छेद तीन.”

“आता एक्सच्या जागी पायच्या जवळचं तीन पूर्णांक चौदा घाल.”

त्याने घातलं. वरचा आकडा शून्याच्या किंचित खाली, खालचा किंचित वर. भागाकार उणे एक पूर्णांक तेहतीस. चिन्हच उलटं.

“तिथे कोन शून्याकडे जातच नाही,” बाई म्हणाल्या. “काट मारणाऱ्याला ते कळणारच नाही. ही मुलगी काय करतेय ते तिला माहीत आहे. शेवटी हात घसरला, डोकं नाही.”

“पण पेपरात शून्यच विचारलंय ना. बाई, निकाल वेळेवर लावायचाय.”

मला संताप आला. समोर चूक दिसत असताना हा माणूस घड्याळ दाखवत होता. उत्तर आलं की झालं, हे शिकवायला कॉलेज कशाला हवं, कॉपीची चिठ्ठी पुरते की.

मग तो हळूच म्हणाला, “आणि बाई, बारावीत मीही अशीच काट मारली होती. तुम्ही मला पूर्ण मार्क दिले होते.”

माझी खात्री होती, आता त्या ते नाकारतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“दिले होते. तू बाकीच्यांपेक्षा हुशार होतास, उत्तर बरोबर होतं, मी डोळेझाक केली. त्याचीच फळं आज मोजतेय. एकोणीस.”

गठ्ठ्यावरच्या पत्रकावर त्यांनी पायचं ते उदाहरण लिहून काढलं, खाली ‘गुण बदलण्यास माझी संमती नाही’ असं लिहून सही केली. आक्षेप लिहिलेला गठ्ठा वर पाठवावाच लागतो, तो नियम त्यालाही मोडता येईना.

महिन्याने वरून उत्तर आलं. मुलीचा एक मार्क कायम. काट मारणाऱ्या एकोणिसांना पूर्ण दोन. आणि परीक्षकांच्या यादीतून बाईंचं नाव कमी.

मी चिडून त्यांच्या वर्गापर्यंत गेले. त्या फळ्याशी होत्या. फळ्यावर त्यांनी स्वतःच, एक्स पायकडे जाताना, साइन चार एक्स भागिले साइन तीन एक्स लिहून दोन्ही साइनवर काट मारली होती.

“अशी काट मी एकदा बरोबर धरली होती,” त्या वर्गाला म्हणाल्या. “पुढे या कुणीतरी, आणि मला चूक ठरवा.”