दिवसाचं, सरळ जाणारं

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ दिल्लीच्या दवाखान्यात पडला. वहिनीचा फोन आला, “आईला घेऊन या, डोळे उघडले की आईचंच विचारतात.” आईला घेऊन निलंग्याहून लातूर गाठलं. तिकीटवाला म्हणाला, “मावशी, आज रात्रीचं विमान आहे, हैदराबादहून. पण मुंबईत विमान बदलावं लागेल, तपासणी पुन्हा. नाहीतर उद्या दुपारचं, डायरेक्ट.”

तपासणी म्हटल्यावर अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, हात गळ्याकडं गेला. आम्ही लिंगायत; गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. लग्नाच्या आधीपासून अंगावेगळं झालेलं नव्हतं.

“हे काढाय लावतेत का?”

“मशीन वाजलं तर दाखवावं लागेल.”

“मंग दोनदा न्हाई. दिवसाचं घे बाई, सरळ जाणारं. उजेडात चार माणसाला इचारता तरी येतंय.”

मी चिडले. म्हटलं, “अगं, पोरगा तिकडं आन् तू डबीचं घेऊन बसलीस!” पण तिचा चेहरा पाहिला आन् दुपारचंच तिकीट काढलं. मला तरी कुठं विमानाची माहिती होती? मेली मीही भ्यालेलीच.

दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या विमानतळावर लई लवकर पोचलो. दारावर तिकीट, आधारकार्ड दाखवलं. आत पिशव्या, मोबाईल ट्रेमध्ये ठेवले. अव्वा चौकटीतून गेली आणि मशीन वाजलं. तिनं डबी मुठीत आवळली. “जीव गेला तरी ट्रेमधी न्हाई ठिवणार!”

पोलीसबाईनं तिला बायकांच्या पडद्याआड नेलं, मलाही बोलावलं. अव्वानं तळहातावर डबी उघडली. बाईनं हात न लावता वाकून पाहिलं, यंत्र अंगावरून फिरवलं आणि म्हणाली, “जाइए अम्मा.” झालं! एवढ्यासाठी एक अख्खी रात्र घालवली होती आम्ही. मला रडूच कोसळलं. अव्वा मात्र खूश. “बघ, दिवसाचं सोपं पडलं.” विमानात खिडकीपाशी बसून तिनं भावासाठी आणलेली शेंगदाण्याची चटणी मांडीवर धरून ठेवली.

दिल्लीत चाकं टेकली. मोबाईल चालू केला तर वहिनीचाच फोन. भाऊ सकाळीच गेला होता. पहाटे शुद्धीवर होता, चांगला बोलला, आई कुठवर आली म्हणून दोनदा विचारलं. आम्ही वाटेत असू, म्हणून वहिनीनं तेव्हा कळवलंच नाही.

विमानातली माणसं वरच्या पिशव्या काढत होती. अव्वाला जागेवरच सांगितलं. तिनं माझं मनगट धरलं.

“रातच्यानं आलो असतो तर घावला असता का गं?”

“रातचं सुटलंच न्हाई अव्वा. रद्द झालं,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “खरं?”

“तुझी शप्पथ.”

“मंग बरं झालं बाई, आपुन दिवसाचं घेतलं,” ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.