अकरा महिन्यांची ऑर्डर

कामथडीजवळच्या एका छोट्या दूध संघात मी व्यवस्थापक होते. नव्वदच्या दशकाची अखेर होती. पत्र्याची शेड, दुधाचा कूलर आणि कोपऱ्यात माझं टेबल. टेबलावर टाइपरायटर, आणि त्या टाइपरायटरवर संघातल्या यच्चयावत माणसांचं भवितव्य मी दोन बोटांनी बडवत असे. मला कामाचा गर्व होता आणि तो लपवायची गरज मला कधी वाटली नाही. स्वतः मी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर होते. दर वर्षी दोन दिवस खंड दाखवायचा, की नवीन ऑर्डर. ती सहा वेळा मीच टाइप केली होती, चेअरमननी सही केली होती, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे असं आम्हा दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

त्या वर्षी संचालक मंडळानं ठरवलं, की वेल्ह्याच्या डोंगरातल्या गावांसाठी संघाचा स्वतःचा पगारी रेतन सेवक हवा. म्हणजे माजावर आलेल्या गाई कृत्रिम रेतनानं भरवणारा, गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या ठेवलेलं नायट्रोजनचं जड भांडं खांद्यावर घेऊन वाडी-वस्तीवर फिरणारा माणूस. माणूस आमच्याकडे चालून आला होता. पासलीच्या वरच्या धनगरवाड्यातला, तिशीचा, कोर्स केलेला, बोलायला कमी आणि बघायला तिखट. शिरवळच्या एका कारखान्यात त्याला जागा मिळत होती. तिथल्या लोकांनी आठ दिवसांची मुदत दिली होती.

"बाई, मला डोंगरातच ऱ्हायचंय," तो म्हणाला. "पर दोन पोरी हायेत. कायम करा, मी थांबतो. न्हाईतर सोमवारी शिरवळ."

"ऑर्डर वाचा आधी," मी म्हटलं आणि तयार केलेला मसुदा त्याच्यापुढं सरकवला. अकरा महिन्यांचा करार. वेळ दहा ते सहा. रोज सकाळी संघाच्या कार्यालयात मस्टरवर सही. मला वाटलं, किती नेटकं काम केलंय मी.

त्यानं दोनदा वाचलं. मग शांतपणे विचारलं, "बाई, गाय माजावर कवा येती, ते तुमच्या मस्टरला ठावं हाय का?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नोकरी मागायला आलाय का माझी परीक्षा घ्यायला? मी तडकून म्हटलं, "नसेल ठाऊक. तुम्ही शिकवा."

"चला की मग पासलीला."

मी गेले. कुणी आव्हान दिलं की मला मागं फिरता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. दुपारच्या एसटीनं वेल्हे, तिथून पुढं पासली, आणि मग खाचरांच्या बांधावरून चढण. मुक्कामाला त्यानं मला एका म्हाताऱ्या आजींच्या घरी सोडलं. आजींकडं एकच गाय होती. बोलण्यापेक्षा त्या हातवारेच जास्त करायच्या.

"ही बघ माझी म्हाराणी," त्या गाईच्या पाठीवर थाप मारत म्हणाल्या. "दीड वरीस झालं, थेंब न्हाई दुधाचा."

"का हो आजी?"

"आधीचा भरवणारा व्हता ना, त्यो कांडीमागं पैसं घ्यायचा. तीनदा आला, तीनदा भरीवली, तिन्ही खेपा उलाटली. टायम चुकवायचा मेला! त्याच्या सवडीनं यायचा, गाईच्या न्हाई. मंग चवथ्यांदा आलाच न्हाई. एका गाईसाठी येवढा डोंगर कोन चढतोय?"

आधीचा माणूस आमचाच होता. पगार नाही, बांधिलकी नाही, जितक्या गाई भरवल्या तितके पैसे. ती पद्धत मला फार हुशारीची वाटायची. काम केलं तर पैसे, नाही तर नाही, संघाला तोशीस नाही. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तरी त्याचे पैसे ठरलेले, आणि पुन्हा भरवली की पुन्हा मिळणार, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. हायवेलगतच्या एका गल्लीत दहा गाई मिळत असताना तो इथं कशाला येईल? त्याला शिव्या द्यायचं मला काही कारण नव्हतं. ती व्यवस्था मीच लावली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच शेजारचा एक धनगर धावत आला. त्याची गाय हंबरत होती, चाऱ्याला तोंड लावत नव्हती. आमचा उमेदवार गेला, गाईच्या मागं उभा राहिला, शेपटीखालची काचेसारखी नितळ, चिकट तार बघितली आणि म्हणाला, "आत्ता न्हाई. सांजच्याला भरवू."

"आत्ता का नाही?" मी विचारलं.

"सकाळी माज दिसला तर सांजच्याला भरवायची. सांजच्याला दिसला तर दुसऱ्या दिशी सकाळी. आधी भरवली तरी वाया, उशीर झाला तरी वाया. मंग एकवीस दिस थांबा."

मी घड्याळ बघितलं. साडेसहा. माझ्या मसुद्याप्रमाणं या माणसानं आता पळत खाली जाऊन एसटी पकडायची, दहाला कामथडीत सही ठोकायची आणि संध्याकाळी सहापर्यंत माझ्यासमोर बसायचं. आणि गाय? गाईनं पुढच्या माजाची वाट बघायची! मला एकदम हसू फुटलं. तो बिचारा दचकला, बाईंचं डोकं फिरलं की काय म्हणून.

"असं कसं लिहिलं मी?" मी म्हटलं.

"तुमी हापिसातनं लिवलं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

शनिवारी मंडळाची बैठक होती. सोमवारी शिरवळ. मी जुना मसुदा फाडला आणि पासलीहून परत येताना एसटीत मांडीवर वही ठेवून नवा लिहिला.

बैठकीत शिवऱ्याच्या संचालकांनी नेहमीप्रमाणं पहिली उडी घेतली. "कांडीमागं पैसे द्या की! काय वाईट चाललं होतं?"

"पासलीच्या आजींची गाय दीड वर्षं भाकड उभी आहे, इतकंच वाईट," मी म्हटलं. "कांडीमागं पैसे दिले तर माणूस कांड्या संपवतो. आपल्याला कांड्या संपवायच्या आहेत, की गाई गाभण करायच्या आहेत?"

मग चेअरमन खाकरले. कामथडीचे जुने शेतकरी, भला माणूस, पण 'कायम' हा शब्द ऐकला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "करार करू, बाई. अकरा महिने. पटला तर पुन्हा, न्हाई पटला तर रामराम. कायम केला की मानूस झोपतोय."

मी याचीच वाट बघत होते. "दादा, तुमच्या गोठ्यात चार गाई. भरवल्यापासून किती दिवसांनी वितात?"

"नऊ म्हैनं नऊ दिस. आता हे तुमी मला इचारता व्हय?"

"एक जूनला करार सुरू झाला तर एप्रिलअखेर संपतो. म्हणजे ऑगस्टपासून पुढं भरवलेल्या एकाही गाईचं वासरू त्याच्या करारात जन्माला येणार नाही. त्याच्या कामाचं फळ गोठ्यात दिसायच्या आत तुम्ही त्याला रामराम करणार. मग त्यानं कशासाठी जीव टाकायचा?"

चेअरमननी बोटांवर महिने मोजले. एकदा, आणि मग उलटे एकदा.

"आणि झोपणार नाही तो," मी पुढं म्हटलं. "सहा महिने परिविक्षा. प्रत्येक गाईची नोंद, तीन महिन्यांनी गाभण तपासणी, त्यातल्या काही गाई आपले डॉक्टर स्वतः तपासतील. काम खालावलं तर परिविक्षेतच कळेल. वेळ दहा ते सहा नाही. सकाळी आणि संध्याकाळी पासलीच्या संकलन केंद्रावर दूध घालायची वेळ, तेव्हा तिथंच सही. दुपार त्याची. माणूस गाईजवळ, तर मस्टरपण गाईजवळ."

"उद्या समदेच कायम मागतील," शिवरेकर कुरकुरले.

"मागू देत. आपण काम बघून ठरवू," मी म्हटलं, आणि इथं माझा आवाज जरा जास्तच चढला हे मला अजून आठवतं. "लाळ-खुरकुताच्या लसी टोचायला महिनाभर जादा माणसं लागतात. मोहीम संपली की काम संपलं. तो करार. कूलर बिघडला तर भोरहून मेकॅनिक चाचा येतात, त्यांची हत्यारं आणतात, दुरुस्त करतात, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं जातात. त्यांना गरजेपुरतं बोलवायचं. पण जे काम रोज आहे, बारा महिने आहे, संघ आहे तोवर आहे, त्याला माणूस कायमचाच लागतो. काम कायम आणि माणूस अकरा महिन्यांचा, ही स्वतःचीच फसवणूक आहे."

चेअरमननी मोजलेली बोटं मिटली. मग म्हणाले, "लिहा ठराव." मला तर टेबलावर चढून ओरडावंसं वाटलं. चढले नाही.

सोमवारी सकाळी तो आला. शिरवळचं पत्र त्याच्या खिशात होतं, वरचं टोक मला दिसत होतं. मी नेमणूकपत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं सावकाश वाचलं. 'पासली संकलन केंद्र' या शब्दांवर त्याचं बोट थांबलं. डोळे भरले, पण त्यानं ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं वळवले आणि मीही कागद लावत बसले. मग त्यानं सही केली, खिशातलं पत्र काढून चार तुकडे केले आणि माझ्या टोपलीत टाकले.

जायला उठला आणि दारात थांबला.

"बाई, बैठकीत तुमी काय बोलला ते चेअरमननी सांगितलं मला. रोजचं काम, बारा म्हैन्याचं काम, त्याला मानूस कायम."

"बरोबरच आहे ते."

"व्हय. मंग शिपाई म्हनत व्हता, तुमचा करार पुढल्या म्हैन्यात सपतोय." तो खरंच बुचकळ्यात पडला होता. "हितलं तुमचं काम हंगामी हाय का?"

सहा वर्षं मी रोज सकाळी ही शेड उघडत होते. सहा वेळा ते दोन दिवस मी घरी बसले होते, आणि एकदाही बोटांवर मोजलं नव्हतं. डोंगरातल्या गाईसाठी मी भांडले होते. स्वतःसाठी मला साधा राग यायचंसुद्धा सुचलं नव्हतं.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"नगं. सांजच्याला आजींची गाय भरवायचीय," तो म्हणाला आणि गेला.

मी दार लोटलं. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका टाइपरायटरमध्ये अडकवलेली होती, तीन विषय लिहून झाले होते. चौथा मी त्याच दोन बोटांनी टाइप केला: व्यवस्थापक या पदाचं काम कायम स्वरूपाचं असल्यानं, सध्याच्या व्यवस्थापकांची नेमणूक कायम करण्याबाबत.

बैठकीत चेअरमननी चष्मा वर सरकवून ते दोनदा वाचलं. "बाई, हा विषय कुणी मांडला?"

"मी," मी म्हटलं. "मोजा दादा बोटांवर."